लो कटचा दिवा

सकाळी ९. अकोल्यातला मे महिना. पहिलंच घर गच्चीखालच्या खोलीचं, दीड टनाचा साधा स्प्लिट एसी. काकूंची तक्रार अशी: रोज संध्याकाळी एसी सुरू होतो, दोन सेकंदांत बंद पडतो, तीन मिनिटांनी पुन्हा तेच. "भाऊ, स्टॅबिलायझर गेलाय. तो काढा आणि डायरेक्ट जोडून द्या."

एसी लावला तर लगेच चालू झाला. सॉकेटवर २२८ व्होल्ट होते. कॉम्प्रेसरच्या तिन्ही टर्मिनलांमधला रोध मोजला, बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर तपासला. दोन्ही ठीक. मशीन निर्दोष, दोष फक्त संध्याकाळी दिसतो; म्हणजे तो संध्याकाळीच मोजायला हवा. डायरेक्ट जोडायला मात्र मी ठाम नकार दिला आणि सातला येतो म्हणून सांगितलं.

११. बाजारातल्या एका दुकानात जुना, फिरत्या बटणांचा विंडो एसी. लाईट गेली आणि लगेच आली की नुसता घुमतो, मग टक् होऊन गप्प. ही टक् ओएलपीची, म्हणजे कॉम्प्रेसरला चिकटलेल्या उष्णतेवर चालणाऱ्या संरक्षक स्विचची. कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. बंद झाल्यावर केशनळीतून तो सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर मोटारीला त्या दाबाविरुद्ध उठायचं असतं. ती उठत नाही. अडकलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि गुंडाळी तापते. ओएलपी दर वेळी वाचवतो, पण प्रत्येक वेळी तारेवरचं इनॅमल थोडं भाजून निघतं.

स्टॅबिलायझरमागचा विलंबाचा स्विच कुणीतरी दहा सेकंदांवर सरकवून ठेवला होता. तो १८० सेकंदांवर केला. दुकानदारांना सांगितलं, "लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबणं हा बिघाड नाही. त्यासाठीच हे यंत्र आहे."

दुपारी २. एका इमारतीत न्यूट्रलचा जोड सुटला होता. अशा वेळी तीन फेजांचा तोल जातो आणि एखाद्या घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्टेज चढतं. एका घरातला टीव्ही जळला होता. एसी मात्र शाबूत होता, कारण स्टॅबिलायझरने हाय कट देऊन त्याची वीज तोडली होती. जोड नीट होईपर्यंत मेन बंद ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी ७. पुन्हा काकूंकडे. आता सगळ्या वस्तीत कूलर-एसी चालू. सॉकेटवर १९६ व्होल्ट. कमी, पण एसी चालू नये इतके नव्हेत. हेल्परला खाली मेन बोर्डावर मीटर घेऊन उभं केलं, मी वर सॉकेटपाशी. विलंब संपला, कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला. बोर्डावर काटा १८६ वर उतरला, माझ्याकडे १६१! स्टॅबिलायझरची खालची मर्यादा १७० ची. त्याने लो कट दिला, तांबडा दिवा लागला, भार सुटताच व्होल्टेज परत १९६.

मधले २५ व्होल्ट बोर्ड आणि सॉकेटच्या दरम्यान गळत होते. तिथे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अंतर तीस मीटर. जाऊन-येऊन साठ मीटर धरले तर रोध सुमारे ०.७३ ओहम. सुरू होताना क्लॅम्प मीटरवर ३५ अँपिअर दिसले. दोहोंचा गुणाकार सुमारे २५ व्होल्ट. चालत्या एसीला ही तार कशीबशी पुरते, उठत्या एसीला नाही.

डायरेक्ट जोडलं असतं तर? मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. १६१ व्होल्टांवर तो २३० च्या तुलनेत निम्म्यापेक्षाही कमी उरतो. कॉम्प्रेसर रोज घुमत, तापत राहिला असता आणि एखाद्या उन्हाळ्यात गुंडाळी जळाली असती.

काकूंच्या मुलाने विचारलं, "मग १३० पासून चालणारा स्टॅबिलायझर घेऊ का?" त्याने एसी चालूही झाला असता. पण स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. आत कमी व्होल्टेज घेऊन बाहेर जास्त द्यायचं, तर त्याला आत करंट जास्त ओढावा लागतो, आणि तो याच बारीक तारेतून येणार. तार आणखी तापली असती.

रात्री ८:३०. चार चौरस मिलिमीटरची तार बोर्डापासून तात्पुरती वर नेली. तीन मिनिटं थांबलो. या वेळी सॉकेटवर काटा १७६ पर्यंतच उतरला आणि कॉम्प्रेसरने लगेच वेग घेतला. तार उद्या पाइपातून कायमची टाकायची, एसीला बोर्डावर वेगळा एमसीबी द्यायचा. स्टॅबिलायझर तोच राहील.