‘हॅलो’ टाइप करून खोडताना

अकरावीत नुकतीच आलेली एक लाजाळू मुलगी डोळ्यांसमोर आणा. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीचा नंबर तिने वर्गाच्या ग्रुपवरून घेतलाय. रात्री जेवणं उरकल्यावर ती ‘हॅलो’ टाइप करते आणि खोडते. मग ‘हाय’. तेही खोडते. नुसतं ‘हॅलो’ तुटक वाटेल, पुढे हसरा चेहरा लावला तर उगाच सलगी वाटेल. पुन्हा ‘हॅलो’, पुन्हा कोरी चौकट.

खोडलं की छातीतली धडधड उतरते, हायसं वाटतं. खरी अडचण या हायसं वाटण्यातच आहे. ‘खोडलं म्हणून निभावलं’ एवढंच मन त्यातून शिकतं आणि पुढच्या खेपेला बोट आणखी लवकर मागे येतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोरच्या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात अशा बचावाच्या सवयींना मोठं स्थान आहे. भीती खरी ठरते की खोटी, हे तपासायची वेळच त्या येऊ देत नाहीत.

आणि समोरच्या मुलीला यातलं काय दिसतं? तिने त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलेलं असेल, तर फार तर ‘टाइप करत आहे’ एवढं. खोडलेले शब्द तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे, हा अंदाज माणसं नेहमीच फुगवतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या जणांनी तो पाहिला असेल, असं घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांना तो कळला होता.

म्हणून समुपदेशक अशा वेळी धीराचे शब्द बाजूला ठेवून कागद पुढे करतात. काय होईल असं वाटतं, ते आधी नेमकं लिहायचं. ही मुलगी लिहिते : ‘ती उत्तर देणार नाही. उद्या मैत्रिणींना दाखवून हसेल.’ उत्तराची वाट किती वेळ पाहायची, तेही आधीच ठरवायचं. नाहीतर पाच मिनिटांची शांतताही नकार वाटते. ती उद्या दुपारपर्यंतची मुदत लिहिते. पाठवल्यावर डिलीट करायचं नाही, कारण मेसेज डिलीट केल्याची खूण मागे उरते आणि तीच जास्त नजरेत भरते.

लाजाळूपणा हा आजार नाही. पण भीतीपायी वर्ग, परीक्षा, जेवणाची सुट्टी टाळणं सहा महिन्यांहून जास्त चाललं, तर तज्ज्ञाला भेटायला हवं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी मोफत आहे.

मुलगी ‘हॅलो’ला एक प्रश्न जोडते, म्हणजे समोरचीलाही उत्तराला काही धरता येईल : ‘हॅलो, मी प्रॅक्टिकलला तुझ्या शेजारी असते. जर्नल उद्याच द्यायचंय का?’ आणि पाठवते. चाळीस मिनिटांनी उत्तर येतं : ‘हो गं, माझे दोन प्रयोग राहिलेत. तुझे झाले?’ कागदावरचं पहिलं वाक्य ती खोडते. दुसऱ्यापुढे लिहिते, ‘उद्या बघू’, आणि उत्तर टाइप करायला घेते.