‘बघतो’ म्हणजे हो की नाही?

घरच्या कार्याचं बुकिंग हल्ली व्हॉट्सॲपवरच ठरतं. साठीशांतीसाठी कार्यालय हवं असलं की व्यवस्थापकाला मेसेज जातो आणि चार-पाच दिवसांत तुकड्यातुकड्यांनी सगळं पक्कं होतं, निदान तसं वाटतं. नंतर त्यातल्या तपशिलांवरून वाद झाला, तर ती ‘पक्की’ बोलणी शोधायची कुठे? मधे फोटो, शुभेच्छा आणि व्हॉइस मेसेज पसरलेले असतात. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, त्यानंतरही काही काळ सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर ठरवलेल्या मुदतीनंतर चॅट उरतच नाही.

म्हणून ठरलेलं मेलवर आणावं. मात्र चॅटचे स्क्रीनशॉट मेलला चिकटवून काम भागत नाही. आधी चॅट नीट वाचावं लागतं. उदाहरणादाखल ही बोलणी पाहा.

‘13 डिसेंबर मिळेल का?’ ‘मिळेल. सकाळचं ना?’ ‘हो. आदल्या रात्री सामान ठेवलं तर चालेल?’ ‘बघतो.’ ‘जेवायला 150 पानं.’ ‘ठीक.’ दोन दिवसांनी: ‘पानं 180 धरा.’ उत्तरादाखल नुसता अंगठा.

यात तारीख आणि सकाळची वेळ ठरली आहे. पानांचा आकडा बदलला आहे, पण अंगठा 180 ला होकार म्हणून आला की नुसता ‘वाचलं’ म्हणून, हे कळत नाही. सामानाचं तर ठरलेलंच नाही, कारण ‘बघतो’ हा होकार नव्हे. शिवाय हॉल किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता रिकामा करायचा, हे कुणी बोललेलंच नाही. ठरलेलं, बदललेलं, अडलेलं आणि राहून गेलेलं असे चार ढीग वेगळे केले की मेल जवळजवळ तयार होतो:

‘विषय: साठीशांत, रविवार, 13 डिसेंबर 2026, मोठा हॉल: बुकिंगचा तपशील

नमस्कार,
व्हॉट्सॲपवर झालेल्या बोलण्याप्रमाणे मोठा हॉल वरील तारखेला सकाळच्या सत्रासाठी ठरला आहे. जेवणाची पानं आधी 150 सांगितली होती, ती आता 180 धरावीत.
दोन गोष्टी अजून ठरायच्या आहेत. शनिवार, 12 डिसेंबर रोजी रात्री 8 वाजता सामान ठेवू द्याल का? आणि रविवारी हॉल सकाळी 7 ते दुपारी 4 मिळावा, ही आमची विनंती आहे.
यात काही चूक असल्यास कळवावं. सगळं मान्य असल्यास याच मेलला तसं उत्तर द्यावं. उत्तर आल्यावर आगाऊ रक्कम भरतो.’

तारखेसोबत वार मुद्दाम लिहिला आहे. आकडा लिहिताना चूक झाली, तर वार जुळत नाही आणि ती लगेच लक्षात येते. ‘येत्या रविवारी’, ‘रात्री 12 वाजता’ असे शब्द मेलमध्ये नकोत; मध्यरात्रीचे बारा कोणत्या तारखेचे, यावरूनही घोळ होतो. हॉलची वेळ चॅटमध्ये नव्हती, म्हणून ती ‘ठरली आहे’ असं न लिहिता विनंती म्हणून लिहिली आहे. न बोललेली गोष्ट ठरलेल्यांत घुसवली, की समोरच्याचा सगळ्याच मेलवरचा विश्वास जातो.

मेल गेला म्हणजे करार झाला, असं नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार होकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. आपण पाठवलेल्या मेलवर समोरचा गप्प राहिला, तर त्याला होकार म्हणता येत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकावी: ‘तपशील मेल केला आहे, उत्तर मेलवरच द्या.’ उत्तर ‘मान्य, पण हॉल 3 वाजता सोडावा लागेल’ असं आलं, तर वेळ अजून ठरायचीच आहे. 3 चालत असतील तर त्याच मेलला ‘3 वाजता मान्य’ असं लिहावं. मग पैसे भरावेत.

चॅट कायद्यात बाद आहे, असा याचा अर्थ नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायदा मान्य करतो. कोर्टात दाखल करताना चॅटप्रमाणेच मेललाही प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं. पण बहुतेक भांडणं कोर्टापर्यंत जात नाहीत, ती कार्यालयाच्या काउंटरवरच होतात. तिथे शेकडो मेसेज वरखाली करण्यापेक्षा एक मेल आणि त्याखालचं ‘मान्य’ दाखवणं सोपं.

पुढे फोनवर काही बदललं, तर नवा मेल लिहू नये. त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ पुरते: ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे पानं 180 ऐवजी 200.’ जुना आणि नवा, दोन्ही आकडे लिहिले म्हणजे आचाऱ्याच्या हाती कोणता कागद गेला, ते लगेच पडताळता येतं.