वजन उतरते, पण नेमके कशाचे?

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3. चरबी मोजली, तर युडकिन यांच्या शरीरात ती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. आपल्याकडची माणसे अंगाने बारीक दिसली, तरी चरबीने जास्त आणि स्नायूंनी कमी असतात, हे त्या एका फोटोने जगाला दाखवले. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची चौकशी करणाऱ्या नाशिककराने आधी हा फोटो आठवावा.

मौंजारो (टिर्झेपटाइड) मार्च 2025 मध्ये आणि वेगोवी (सेमाग्लुटाइड) त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आले. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक सुटते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते. ते एक-दोन मिनिटांत विरघळून जाते. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करते, पण आठवडाभर टिकते. भूक मंदावते आणि जठर सावकाश रिकामे होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदिरानगरमधल्या एका गृहस्थांचे वजन 95 किलो आणि उंची 165 सेंटिमीटर आहे. बीएमआय झाला जवळजवळ 35. औषध साधारणपणे 30 च्या वर, किंवा 27 च्या वर असून मधुमेह, रक्तदाब असे दुखणे जोडीला असेल, तर दिले जाते. म्हणजे हे गृहस्थ निकषात बसतात. लग्नाआधी चार-पाच किलो उतरवू पाहणाऱ्यांसाठी ते नाही.

सेमाग्लुटाइडची सुरुवात आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमने होते. दर चार आठवड्यांनी डोस वाढवत 2.4 मिलिग्रॅमपर्यंत जायला चार महिने लागतात. ही घाई न करण्याचे कारण पोटात आहे. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता यांचा त्रास डोस वाढवताना सर्वाधिक होतो. रविवारी सकाळी तर्रीदार मिसळ आणि वर पापड हाणला, तर तेलकट ऐवज जठरात तासन्‌तास रेंगाळतो आणि मळमळ वाढते. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू ओसरतो. मात्र पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. इंजेक्शन थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडेही होऊ शकतात. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचे डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावे लागतात. घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास असेल, तर हे औषध घ्यायचे नाही. गरोदरपणातही नाही, मूल हवे असेल, तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या स्टेप-1 चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरले. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत हे झाले 14 किलो. त्याच चाचणीत काही जणांचे शरीर स्कॅन करून पाहिले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे 40 टक्के वजन चरबीचे नव्हते. त्यात पाणीही येते आणि स्नायूही. या हिशेबाने 14 पैकी सुमारे साडेपाच किलो चरबीखेरीजचे गेले. युडकिनसारख्या अंगाला ते परवडेल, पण मुळातच स्नायू कमी असलेल्या आपल्या अंगाला ही घट जड जाते.

आता औषध बंद केले, असे धरा. पाच-सहा आठवड्यांत ते शरीरातून जवळपास निघून जाते आणि दबलेली भूक परत येते. स्टेप-1 मधल्या ज्यांची औषध बंद केल्यावर तपासणी झाली, त्यांच्या गमावलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आले. आपले गृहस्थ 81 वरून 90 किलोपर्यंत येतील. उतरलेला रक्तदाबही बराचसा मूळ पदावर जातो. स्नायू मात्र आपोआप भरत नाहीत. त्यामुळे काट्यावर 90 किलो असले, तरी चरबीचे प्रमाण पूर्वीपेक्षा चांगले असेलच असे नाही.

त्यामुळे थांबण्याची तयारी पहिल्या इंजेक्शनपासूनच करावी लागते. भूक नसताना ताटातली पहिली कात्री डाळ-उसळीला लागते. पण वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा ग्रॅम आणि 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाचे 80-90 ग्रॅम ठरवून खाल्ल्याशिवाय पुरे होत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम हवा. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत याच गटातल्या लिराग्लुटाइड या औषधासोबत काहींना व्यायामही दिला होता. दोन्ही थांबवल्यानंतरच्या वर्षात नुसते औषध घेतलेल्यांचे वजन त्यांच्यापेक्षा सरासरी अडीच किलोंनी जास्त वाढले.