आदेश चुकीचा, तरी अंमल त्याचाच

५ सप्टेंबर १९६७ रोजी अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी एका माणसाला शहरातून तडीपार केले. आधार होता मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ५६चा. १९६०पर्यंत गुजरात आणि महाराष्ट्र एकाच राज्यात असल्यामुळे १९५१चा हा कायदा दोन्हीकडे लागू होता. तडीपारीनंतर बाराव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, तो माणूस पुन्हा शहरात आला. तडीपारी मोडून हद्दीत परतणे हा कलम १४२खाली गुन्हा आहे, म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला.

खटला चालू असतानाच प्रकरणाला वेगळे वळण मिळाले. तडीपारीच्या आदेशालाच उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते आणि १६ जुलै १९६८ रोजी उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तडीपार करण्यापूर्वी संबंधिताला त्याच्यावरील आरोपांचे साधारण स्वरूप लेखी कळवावे आणि म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी द्यावी, असे कलम ५९ सांगते. ती संधी त्याला नीट मिळाली नव्हती.

आता प्रश्न असा की तो शहरात आला १९६७ साली आणि आदेश रद्द झाला १९६८ साली. ज्या दिवशी त्याने हद्दीत पाऊल ठेवले, त्या दिवशी आदेश कागदावर जिवंत होता. मग गुन्हा घडला की नाही?

खालच्या न्यायालयाने त्याला सोडले. सरकार अपिलात गेले आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. आदेश रद्द झाला तो नंतर, तोवर तो पाळणे भाग होते, असा त्यामागचा विचार. १९७४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने ही शिक्षा पुसून टाकली. मूलभूत हक्कावर घाला घालणारा आदेश माणसाचे म्हणणे न ऐकता काढला असेल आणि न्यायालयाने तो रद्द केला असेल, तर तो पहिल्या दिवसापासूनच नव्हता असे मानायचे. जो आदेश कधी अस्तित्वातच नव्हता, तो मोडल्याचा गुन्हा कसा होणार? ‘नवाबखान अब्बासखान विरुद्ध गुजरात राज्य’ या नावाने हा निकाल कायद्याच्या वर्गात आजही शिकवला जातो.

प्रशासकीय आदेशांच्या दोन प्रकारांतला फरक इथे स्वच्छ दिसतो. ‘शून्य’ आदेश, ज्याला वकील मंडळी व्हॉइड म्हणतात, तो मुळातच निष्प्रभ. काढणाऱ्याला अधिकारच नव्हता, किंवा ज्या अटीवर तो अधिकार उभा आहे ती अटच पाळली गेली नाही, अशा वेळी आदेश शून्य ठरतो. ‘शून्यकरणीय’ म्हणजे व्हॉइडेबल आदेशात अधिकार असतो, पण वापरताना चूक झालेली असते. असा आदेश रद्द होईपर्यंत चालतो आणि तोवर त्याखाली जे घडले तेही सहसा टिकते. अहमदाबादच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने आदेशाला दुसऱ्या प्रकारासारखे वागवले, तर सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या. एका माणसाचे दोषी असणे-नसणे एवढ्या एका फरकावर ठरले.

हे वाचून कोणालाही वाटेल की आदेश शून्य असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवून खुशाल बसावे. नेमका हाच समज पंजाबातल्या एका कर्मचाऱ्याला महागात पडला.

तो जिल्हा अन्न व पुरवठा खात्यात तात्पुरता उपनिरीक्षक होता. सप्टेंबर १९७५ अखेरीपासून तो कामावर गैरहजर राहिला. २७ जानेवारी १९७७ रोजी त्याची सेवा संपुष्टात आणली गेली. त्याने दावा लावला तो १८ एप्रिल १९८४ रोजी. सेवासमाप्ती नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे, म्हणून शून्य आहे आणि आपण आजही सेवेतच आहोत असे न्यायालयाने जाहीर करावे, अशी त्याची मागणी होती.

मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा दाव्याला तीन वर्षे मिळतात. ती १९८०च्या जानेवारीतच संपली होती. कर्मचाऱ्याच्या बाजूचे उत्तर वरवर बिनतोड वाटते: आदेश शून्यच असेल तर तो रद्द करून घ्यायचा प्रश्न येत नाही, रद्द करून घ्यायचा नसेल तर मुदत कसली? पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरदेव सिंग’ या निकालात ते फेटाळले. आदेश वैध आहे की नाही हे संबंधिताने स्वतःपुरते ठरवून चालत नाही. त्याला न्यायालयात यावे लागते, तेही मुदतीत. मुदत उलटल्यावर न्यायालय ती घोषणा देऊ शकत नाही, आणि घोषणा नाही म्हटल्यावर आदेश उभाच राहतो. आदेश खरोखर शून्य होता का, या प्रश्नाच्या उत्तराने मग काहीच बदलत नाही.

या निकालाने आधार घेतला तो इंग्लंडमधल्या १९५६च्या एका निकालाचा. लिंकनशायर परगण्यातल्या ईस्ट एलो ग्रामीण परिषदेने १९४८ साली एका बाईंची मालमत्ता सक्तीने संपादन केली. हे संपादन दुष्ट हेतूने झाले, असा आरोप करीत बाई १९५४ साली न्यायालयात गेल्या. संपादनाच्या कायद्यात आव्हानासाठी मुदत होती फक्त सहा आठवड्यांची. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी सांगितले की संपादनाच्या आदेशाला आता हात लावता येणार नाही. परिषदेच्या अधिकाऱ्याविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा तेवढा पुढे चालू द्यावा, असे ठरले. लॉर्ड रॅडक्लिफ यांनी त्या वेळी मांडलेला विचार भारतीय न्यायालयांत आजवर असंख्य वेळा आला आहे. आदेशाच्या कपाळावर ‘अवैध’ असा शिक्का नसतो. योग्य कार्यवाही करून तो कोणी उलथवत नाही तोवर, वरकरणी नियमित दिसणारा आदेश आपले काम करीत राहतो. २००७ साली पुणे महानगरपालिकेच्या नागरी जमीन कमाल मर्यादेच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले.

म्हणजे शून्य हा शब्द कायद्यात वाटतो तेवढा निरपेक्ष नाही. प्रशासकीय कायद्याचे इंग्रज अभ्यासक विल्यम वेड यांनी ही गोष्ट फार नेमकी मांडली. आदेश शून्य ठरतो तो योग्य माणसाने, योग्य वेळी, योग्य मार्गाने दाद मागितली तरच. यातला एक जरी दुवा तुटला, म्हणजे दाद मागणाऱ्याचा संबंध नसला, वेळ टळली किंवा अपिलाची वाट सोडून तो भलतीकडे गेला, तर न्यायालय आदेशाला हात लावत नाही. व्यवहारात मग तो शून्य आदेश वैध आदेशासारखाच असतो. शून्य आणि शून्यकरणीय यांतली भिंत इथे बरीच पातळ होते. आदेश रद्द झाला तर त्याचा परिणाम किती मागे जातो, हे पाहताना तिला महत्त्व येते, जसे अहमदाबादेत आले. आदेश रद्द करून घेणे भाग आहे की नाही, या प्रश्नावर मात्र दोघांना बहुतेक सारखाच नियम.

हा नियम कठोर आहे, पण अन्यायाचा नाही. सरकारी आदेशावर एकट्या त्या माणसाचेच आयुष्य बेतलेले नसते. सेवासमाप्तीने रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा कोणी नेमला जातो, त्याची ज्येष्ठता लागते, बढती होते. संपादित जमिनीवर रस्ता होतो, घरे उठतात. सात वर्षांनी पहिला आदेश नव्हताच असे धरायचे, तर या सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकते, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही त्यात दोष नसतो. शिवाय प्रत्येकाने आपल्यापुरता आदेश शून्य ठरवून मोडायचा म्हटले, तर चांगला आदेशही कोणी पाळणार नाही.

अहमदाबादचा माणूस सुटला त्याचे खरे कारण इथे सापडते. त्याच्या तडीपारीला वेळेत आव्हान मिळाले होते आणि फौजदारी खटल्याचा निकाल लागण्याआधी ती रद्द झाली होती. याचिका फेटाळली गेली असती तर त्या सप्टेंबरातले बारा दिवस त्याला फार जड गेले असते. नागरिकांनी बेकायदा आदेश मोडावेत की नाहीत, या व्यापक प्रश्नावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीही अंतिम मत देण्याचे टाळले होते.

प्रत्यक्षात घात होतो तो बहुधा दुसरीकडेच. आदेश हातात पडला की माणूस साहेबांना निवेदन देतो. उत्तर येत नाही, म्हणून स्मरणपत्र पाठवतो, मग मंत्रालयात अर्ज, मग आमदारांचे पत्र. फाइल जाड होत जाते आणि आपण भांडतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. १९८९ साली ‘एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितले, की नियमांत ज्याची तरतूद आहे ते अपील किंवा निवेदन मुदतीच्या हिशोबात धरले जाईल. पण नियमांबाहेरची निवेदने पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. जाड फाइल न्यायालयात बऱ्याचदा उलटीच बोलते. या माणसाला आदेश पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, हे ती सिद्ध करते.

म्हणून आदेश मिळाला की त्यात आधी काय पाहायचे, हे ठरलेले आहे. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो काढला आहे, सही करणाऱ्याला त्या कलमाचा अधिकार आहे का, आधी नोटीस आली होती का, तिच्यात नसलेला आरोप आदेशात घुसला आहे का, कारणे दिली आहेत का. या उत्तरांवरून आदेश किती कच्चा आहे ते कळते. तो हातात पडल्याची तारीख आणि अपिलाचे कलम मात्र आदेश कच्चा वाटो की पक्का, लगेच लिहून ठेवावे लागते. लिफाफा आणि पोचपावती जपायची ती यासाठीच.

महाराष्ट्रात तडीपारीविरुद्ध राज्य सरकारकडे अपील करायला ३० दिवस मिळतात. जमीन महसूल संहितेखाली जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवस, इतर आदेशांविरुद्ध ९०. नोंद मंजूर करणारा मंडळ अधिकारी असो की अपील ऐकणारा प्रांत, आदेश सरळसरळ बेकायदा दिसत असला तरी हे दिवस मोजले जातातच. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने विभागीय अपील करायचे आणि त्यावरील अंतिम आदेशापासून एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’, गाठायचे. अपिलावर निर्णयच आला नाही, तर सहा महिने वाट पाहून पुढच्या एका वर्षात. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेला अशी आखीव मुदत नाही, तरी कारण न देता केलेला उशीर हे याचिका फेटाळायला पुरेसे कारण ठरते.

मुदत हुकलीच, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. आदेशाची प्रत मिळालीच नव्हती, गंभीर आजार होता, चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे खटपट चालू होती, अशी कारणे कागदपत्रांसह दिली तर न्यायालये बऱ्याचदा ऐकतात. आदेश शून्य आहे म्हणून मुदत लागूच नाही, एवढेच लिहिलेला अर्ज मात्र गुरदेव सिंग निकालापुढे अडतो.