द्राक्षबागेवरची गारपीट आणि विम्याचा दावा

महाराष्ट्रात हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत गारपिटीचे संरक्षण मूळ विम्यात येत नाही. त्यासाठी वेगळा हप्ता भरून जोड संरक्षण घ्यावे लागते. अवेळी पाऊस किंवा थंडीची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते, तिथे कोणी बाग पाहायला येत नाही. गार मात्र पट्ट्यापट्ट्याने पडते. एका शिवारात बाग झोडपली जाते आणि पलीकडच्या शिवारात पानही फाटत नाही. त्यामुळे गारपिटीचे नुकसान प्रत्येक बागेत जाऊन तपासले जाते आणि पुरावा शेतकऱ्याच्या हातात राहतो. घटनेपासून 72 तासांत विमा कंपनीला कळवणे बंधनकारक असते. त्यासाठी 14447 हा कृषी रक्षक क्रमांक आहे. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा.

समजा, निफाड तालुक्यातल्या एका थॉमसन बागेची गोडी छाटणी 15 ऑक्टोबरला झाली आणि 20 जानेवारीला गार पडली. म्हणजे छाटणीला 97 दिवस झाले आणि मण्यांत पाणी उतरू लागले. दाव्यात ‘फळधारणा’ एवढेच लिहिण्यापेक्षा छाटणीची तारीख आणि दिवस लिहिलेले केव्हाही चांगले, कारण नुकसानीचे स्वरूप त्यावरच ठरते. कडक हिरव्या मण्यावर गारेचा तपकिरी डाग राहतो, मणी वाढतो, पण निर्यातीला चालत नाही. पाणी उतरलेला मणी फुटतो, रस गळतो आणि दोन-चार दिवसांत सगळा घड कुजू लागतो.

म्हणून फोटो दोनदा काढावेत. गार वितळण्याआधी जमिनीवरच्या गारा, मग पूर्ण बाग, ओळ, घड आणि काडीवरच्या जखमा, तारीख व ठिकाण उमटेल अशा रीतीने. चार-पाच दिवसांनी त्याच वेलींचे पुन्हा. पंचनामा होईपर्यंत फुटलेले घड काढून टाकू नयेत. वाद होतो तो इथे: पावसानेही मणी तडकतात. पावसाची चीर स्वच्छ असते. गारेची खूण ठेचल्यासारखी, बहुधा वाऱ्याच्या बाजूला असते आणि सोबत पाने व काड्याही जखमी दिसतात. काडीचा जवळून काढलेला फोटो त्यामुळे घडाच्या फोटोइतकाच महत्त्वाचा.

मंडळाच्या केंद्राचा अहवाल जोडावाच, पण त्याची मर्यादा ओळखून. पर्जन्यमापक गार वेगळी मोजत नाही. त्या दिवशी वादळी पाऊस आणि जोराचा वारा होता, इतकेच त्यातून सिद्ध होते. केंद्र काही किलोमीटर दूर असेल तर तेही दिसेलच असे नाही. अशा वेळी शेजारच्या बागांचे पंचनामे उपयोगी पडतात.

विम्याला काळाचीही चौकट आहे. 26 नोव्हेंबर 2023 ला नाशिक जिल्ह्यात गारपिटीने द्राक्षे झोडपली, पण द्राक्षाचे गारपीट संरक्षण साधारणपणे जानेवारी ते एप्रिलचे असते. त्याबाहेरच्या गारपिटीला उरते ती शासकीय मदत, आणि ती 33 टक्के किंवा अधिक नुकसान असेल तरच मिळते. तिचा पंचनामा तलाठी व कृषी सहायक करतात. तो विमा दाव्याची जागा घेत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे कळवावे.