उणे चिन्ह हरवलं की तांबं वीज अडवतं

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पदार्थांच्या रोधकतेचा, म्हणजे पदार्थ विजेला किती अडवतो याचा, तक्ता असतो. तांब्यापुढे `1.68 × 10⁻⁸` छापलेलं असतं, एकक ओहम-मीटर. या पानाचा फोटो काढून मजकूर ओळखणाऱ्या अ‍ॅपला दिला, की दहाच्या डोक्यावरचे बारीक आकडे अनेकदा खाली उतरतात आणि हाती येतं `1.68 x 10-8`. हे जसंच्या तसं सूत्र समजून `=1.68*10-8` लिहिलं, तर एक्सेल उत्तर देतं ८.८, कारण ते १६.८ मधून ८ वजा करतं. `10-8` वेगळ्या खान्यात पडलं तर त्याची तारीखच होते. म्हणून मजकूर चिकटवण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

एक्सेलला दहाचा घात `E` या अक्षराने कळतो: `1.68E-8`. तेव्हा मोकळ्या जागा काढायच्या, ‘गुणिले दहा’च्या जागी `E` घालायचा आणि छापील लांब उणे चिन्हाऐवजी कीबोर्डवरचं चिन्ह ठेवायचं. मूळ मजकूर A2 मध्ये असेल, तर शेजारच्या ‘जनरल’ खान्यात हे सूत्र लिहावं:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
SUBSTITUTE(A2," ",""),"x","×"),"×10","E"),"−","-"))
```

उत्तर उजव्या कडेला सरकलं, की मजकुराची संख्या झाली असं समजावं. खान्यात `0.00` दिसलं तरी घाबरू नये. किंमत आत शाबूत असते. दहा दशांश स्थळं दाखवायला सांगितली, की `0.0000000168` दिसतं. मात्र फाइल सीएसव्ही म्हणून साठवताना एक्सेल दिसतं तेवढंच लिहितं. तिथे `0.00` गेलं, तर किंमत खरोखरच नाहीशी होते.

खरी अडचण सूत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. फोटो धूसर असेल तर ते इवलंसं उणे चिन्ह गळून `1.68 x 108` उरतं. सूत्र त्याचे निमूटपणे १६ कोटी ८० लाख करून देतं, आणि कुठलीही चूक दाखवत नाही! इथे पदार्थाची माहितीच कामी येते. चांदी, तांबं, ॲल्युमिनियम यांची रोधकता दहाच्या उणे आठव्या घाताच्या आसपास असते. हीटरच्या तारेतलं नायक्रोम साधारण `1.1 × 10⁻⁶`, म्हणजे तांब्याच्या सुमारे ६५ पट. रकाना चढत्या क्रमाने लावला आणि तांबं नायक्रोमच्या खाली गेलं, तर त्या ओळीत चिन्ह गळालंय हे लगेच कळतं. मग मूळ पान मोठं करून पाहायचं आणि आकडा हाताने दुरुस्त करायचा.

काही तक्त्यांत घात खान्यात नसतो, रकान्याच्या शीर्षकात असतो. ‘एकक: 10⁻⁸ ओहम-मीटर’ असं असेल तर खालच्या `1.68`ला `1E-8`ने गुणायचं. शीर्षक ‘रोधकता × 10⁸’ असेल, तर छापलेला आकडा आधीच गुणलेला असतो; त्याला `1E8`ने भागायचं. दोन्ही वेळा तांब्याचं उत्तर `0.0000000168` हेच यायला हवं.