दहापैकी सात मिळाले तरच खरेदी

‘चार्ट छान दिसतोय’ हे शेअरबाजारात रोज हजारो वेळा उच्चारलं जाणारं वाक्य. ‘छान’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर अनुभवी ट्रेडरही चार-पाच गोष्टी सांगतो: कल वरचा आहे, भाव थोडा खाली येऊन थांबलाय, व्हॉल्यूम आटलाय. या गोष्टी खऱ्याच असतात. अडचण अशी, की यातली कुठली किती प्रमाणात हवी हे त्याच्या मनात रोज बदलतं. सोमवारी नफा झालेला असला की तीन गोष्टी जुळल्या तरी त्याला पुरतात. गुरुवारी ओळीने दोन स्टॉपलॉस लागलेले असले, तर पाचही जुळूनसुद्धा हात आखडतो. चार्ट तोच, माणूस तोच, निर्णय मात्र वेगळे. महिन्याअखेरीला हिशेब मांडला तर पद्धत चुकली की त्या दिवशीचा मूड, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही.

यावर एक साधा तोडगा डॉक्टरी पेशातून बाजारात आला. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉक्टरने १९५२ मध्ये नवजात बाळाची प्रकृती मोजण्याची रीत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त हालचाल आणि त्वचेचा रंग अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण आणि शेवटी बेरीज. ही रीत आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत वापरली जाते. बेरीज सात किंवा अधिक आली, की साधारणपणे बाळ ठीक आहे असं मानतात. अलेक्झांडर एल्डर हे मूळचे मनोविकारतज्ज्ञ, पुढे ट्रेडर आणि लेखक झाले. त्यांनी २०१४ च्या ‘द न्यू ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग’ या पुस्तकात हाच साचा सौद्यांना लावला आणि त्याला ‘ट्रेड ॲपगार’ असं नाव दिलं. पाच प्रश्न, दहा गुण आणि सातच्या खाली सौदा नाही.

एल्डर यांचे पाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या पद्धतीसाठी बेतलेले आहेत. ते जसेच्या तसे उचलून दुसऱ्या पद्धतीला लावण्यात अर्थ नाही. उचलण्याजोगा आहे तो साचा. तो कसा भरायचा हे पाहायला आपल्याकडच्या छोट्या ट्रेडरमध्ये रुळलेला एक सेटअप घेऊ: पुलबॅक. चढता शेअर थोडा खाली येतो, दम घेतो आणि पुन्हा वर वळतो. वळताना घ्यायचा, आधीच्या शिखराशी विकायचा, असा हा काही दिवसांचा खेळ. ट्रेडरच्या मनातल्या ‘छान’चे आता पाच प्रश्न करायचे.

पहिला प्रश्न मोठ्या कलाचा. साप्ताहिक चार्टवर भाव तीस आठवड्यांच्या सरासरीच्या वर आहे का, आणि ती सरासरी चार आठवड्यांपूर्वीपेक्षा वर आहे का? दोन्ही असेल तर दोन गुण, एकच असेल तर एक, काहीच नसेल तर शून्य. दुसरा प्रश्न माघारीच्या खोलीचा. आधीच्या चढाईतला किती हिस्सा परत गेला? निम्म्यापर्यंत असेल तर दोन, दोन-तृतीयांशापर्यंत एक, त्याहून जास्त गेला तर शून्य. तिसरा व्हॉल्यूमचा. उतरणीच्या दिवसांतली सरासरी उलाढाल चढाईच्या दिवसांतल्या सरासरीच्या पाऊणपटीहून कमी असेल तर दोन, पाऊणपट ते एकपट असेल तर एक, जास्त असेल तर शून्य. चौथा प्रश्न मिळकत आणि जोखमीच्या प्रमाणाचा. टार्गेटपर्यंतचं अंतर स्टॉपलॉसपर्यंतच्या अंतराच्या अडीचपट किंवा अधिक असेल तर दोन, दीडपट ते अडीचपटीच्या आत असेल तर एक, त्याहून कमी असेल तर शून्य.

पाचवा प्रश्न चार्टवर दिसतच नाही: कंपनीचे तिमाही निकाल कधी आहेत? निकालाच्या दिवशी भाव रात्रीतून पाच-सात टक्के खाली उघडला, तर स्टॉपलॉस लावलेल्या किमतीला विक्री होतच नाही, ती खालच्या भावाला होते. म्हणून निकाल दहा कामकाजाच्या दिवसांपलीकडे असतील तर दोन, पाच ते दहाच्या दरम्यान असतील तर एक, पाचच्या आत असतील तर शून्य. तारीख जाहीर झालेली नसेल तर? सेबीच्या नियमानुसार नोंदणीकृत कंपन्यांना तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यावे लागतात, वार्षिक निकालांना साठ दिवसांची मुदत असते. तेव्हा तिमाही संपून गेली आणि तारीख कळलेली नाही, अशा काळात या प्रश्नाला एकाहून जास्त गुण द्यायचे नाहीत, असा नियम आधीच लिहून ठेवता येतो.

या पाचही प्रश्नांत ‘बरा’, ‘चांगला’, ‘मजबूत’ असे शब्द कुठेच नाहीत. एकच चार्ट दोघांच्या हाती दिला आणि दोघांनी वेगवेगळे गुण दिले, तर प्रश्न नीट लिहिलेला नाही असं समजायचं. एक बारकावा मात्र इथे राहतो. चढाई कुठून सुरू झाली हे प्रत्येकजण वेगळं धरेल. त्याची व्याख्याही लिहावी लागते, उदाहरणार्थ ‘गेल्या चाळीस दिवसांतला सर्वांत खालचा भाव’.

आता एक काल्पनिक शेअर घेऊ. तो ८०० वरून ९२० पर्यंत गेला आणि ८७२ पर्यंत खाली येऊन वळला. आज संध्याकाळी ट्रेडर कागद पुढे घेतो. साप्ताहिक कलाच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात: दोन गुण. १२० रुपयांच्या चढाईतले ४८ परत गेले, म्हणजे चाळीस टक्के: दोन. चढाईत रोज सरासरी सहा लाख शेअर्सची उलाढाल होती, उतरणीत पाच लाख दहा हजार, म्हणजे पंच्याऐंशी टक्के: एक. आजच्या उच्चांकाच्या वर ८८४ ला खरेदी, तळाच्या खाली ८६८ ला स्टॉपलॉस, टार्गेट जुनं शिखर ९२०. जोखीम सोळा रुपये, मिळकत छत्तीस, प्रमाण सव्वादोन: एक. तिमाही संपून तीन आठवडे झालेत, निकालाची तारीख आलेली नाही: एक. बेरीज सात. सौदा काठावर पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर ८९० ला उघडतो. ट्रेडरच्या मनात पहिला विचार येतो, सहाच रुपये तर वर आहे. पण ८९० ला घेतलं तर जोखीम बावीस होते आणि मिळकत तीस. प्रमाण दीडपटीच्या खाली जातं, चौथ्या प्रश्नाला शून्य मिळतं आणि बेरीज सहावर येते. सहा रुपयांनी सौदा नापास झाला. हे सकाळी सव्वानऊ वाजता घाईघाईने मोजायचीही गरज नाही. ८६८ चा स्टॉपलॉस आणि ९२० चं टार्गेट धरलं तर प्रमाण दीडपट राहण्याची शेवटची किंमत ८८८ रुपये ८० पैसे निघते. आदल्या रात्रीच तेवढ्या किमतीची मर्यादा घालून ऑर्डर लिहून ठेवायची. त्यावर शेअर उघडला तर खरेदी आपोआप टळते.

बेरजेत एक धोका लपलेला असतो. समजा चार प्रश्नांना पूर्ण आठ गुण मिळाले आणि निकाल परवावर आहेत म्हणून पाचव्याला शून्य. बेरीज आठ, सौदा दिमाखात पास, आणि तिसऱ्या दिवशी मोठा फटका. म्हणून काही प्रश्नांना बेरजेबाहेरचा नकाराधिकार द्यावा लागतो. आपल्या यादीत चौथा आणि पाचवा तसे आहेत: त्यांतल्या एकाला जरी शून्य मिळालं, तरी बाकीचे गुण बघायचेच नाहीत.

उलट बाजूची चूकही तेवढीच सर्रास होते. काहीजण यादीत आरएसआय, एमएसीडी आणि वीस दिवसांची सरासरी अशा तीन गोष्टी घालतात. तिन्ही एकाच बंद भावावरून काढलेल्या असल्याने बहुतेकदा एकदम होकार देतात. ट्रेडरला वाटतं तीन पुरावे मिळाले, प्रत्यक्षात एकाच साक्षीदाराने तीनदा जबानी दिलेली असते. कल, खोली, व्हॉल्यूम, प्रमाण आणि तारीख हे पाच प्रश्न निवडताना ते शक्यतो वेगवेगळी माहिती विचारतील, हे पाहिलेलं आहे.

मग जास्त महत्त्वाच्या प्रश्नाला जास्त गुण द्यावेत का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७९ मधल्या एका गाजलेल्या लेखात दाखवलं, की घटक योग्य निवडले असतील आणि कोणता घटक कुठल्या दिशेने काम करतो हे बरोबर कळलं असेल, तर सगळ्यांना सारखं वजन देऊनही अंदाज बऱ्याचदा तज्ज्ञाच्या अदमासापेक्षा चांगला येतो. ट्रेडरकडे शंभर-दीडशे नोंदी असतात. तेवढ्यावरून काटेकोर वजनं काढायला गेलं तर ती जुन्या चार्टना चपखल बसतात आणि नव्यांवर फसतात.

सात हा आकडा मात्र एल्डर यांनी घेतला म्हणून आपण घ्यायचा नाही, तो आपल्या नोंदींतून काढायचा. त्यासाठी जुने चार्ट उघडायचे, खरेदीच्या दिवसापुढचा भाग झाकायचा आणि प्रत्येकाला गुण द्यायचे. मग झाकण काढून निकाल लिहायचा, तोही रुपयांत न लिहिता जोखमीच्या पटीत. स्टॉपलॉस लागला तर उणे एक, सोळाच्या जोखमीवर बत्तीस मिळाले तर अधिक दोन. खर्च वजा करायला विसरायचं नाही. डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी लागतो. वरच्या उदाहरणात तो शेअरमागे १ रुपया ८० पैसे होतो, म्हणजे सोळा रुपयांच्या जोखमीचा नववा हिस्सा.

शंभर सौदे असे मांडले, की गुणांप्रमाणे गट करायचे. पाच किंवा कमी, सहा, सात, आठ आणि वर. प्रत्येक गटाची सरासरी काढायची. जिथून सरासरी खर्च वजा जाऊनही शून्याच्या स्पष्ट वर राहते, तो किमान आकडा. नऊ गुणांच्या गटात चारच सौदे असतील आणि चारही नफ्याचे असतील, तर त्यावरून किमान नऊ ठरवायचे नाहीत. चार सौद्यांत नशीब पुरेसं असतं. आणि सहा गुणांचे सौदे आठ गुणांच्या सौद्यांइतकेच कमावताना दिसले, तर किमान आकड्याशी खेळून उपयोग नाही. ते प्रश्नच चांगला सौदा ओळखत नाहीत.

प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर सर्वांत लवकर पोखरला जातो तो काठावरचा गुण. सौदा सहावर अडला, की ट्रेडर व्हॉल्यूमच्या सरासरीतून एक ‘वेगळा’ दिवस वगळतो, आणि एकाचे दोन गुण होतात. हे ओळखण्याची खूण वहीतच सापडते. तीन महिन्यांच्या नोंदी मांडल्या आणि सातचे सौदे ढिगाने, सहाचे जवळपास एकही नाही असं दिसलं, तर गुण सौदा बघून दिले गेलेत. म्हणून नाकारलेले सौदेही तारीख, गुण आणि काल्पनिक निकालासह त्याच वहीत उतरवावे लागतात. त्यांच्याशिवाय किमान सात हा आकडा बरोबर आहे, फार कडक आहे की फार सैल, हे तपासायला हातात काहीच उरत नाही. प्रश्न किंवा किमान आकडा बदलायचा असेल तर तो तिमाहीतून एकदा, बाजार बंद असताना आणि हातात एकही खुला सौदा नसताना बदलायचा. जुन्या नोंदींना नवे गुण देऊन पुन्हा एकदा गट पाडून बघायचे आणि मगच तो पुढच्या तिमाहीसाठी लागू करायचा.